क्रेडिट धरली, पण कुठे?

"६० पैकी ४८ क्रेडिट नव्या शाखेत धरतील म्हणतात, म्हणजे एकच सेमिस्टर जादा ना?"

तसं होईलच असं नाही. ती ४८ ऐच्छिक रकान्यात पडली, तर मुख्य विषय जवळपास सगळे उरतातच. खरा वेळ खातात ते एकमेकांवर अवलंबून असलेले विषय. समजा मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला जायचंय: प्रोग्रामिंग, मग डेटा स्ट्रक्चर्स, मग अल्गोरिदम, मग प्रोजेक्ट. हे एकाच वेळी घेता आले नाहीत, तर क्रेडिट कितीही वाचोत, चार सेमिस्टर लागणारच. त्यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील तर आणखी लांबण. कुठलं क्रेडिट कशाच्या बदल्यात धरलं, ते विभागाकडून लेखी घे.

आणि गणिताला कंटाळून निघाला असशील, तर तिकडे डिस्क्रीट मॅथ्स आहेच!