मदत हवी आहे: पाटणादेवीजवळच्या निळ्या फुलाची जात फोटोंवरून का ठरत नाही?

गिरणाकाठ:
नमस्कार. श्रावणात आम्ही काही शिक्षक मंडळी चाळीसगावहून पाटणादेवीला गेलो होतो आणि तेथून पितळखोऱ्याच्या वाटेवर मी मोबाइलवर बरेच फोटो काढले. त्यांतील एका लहान निळ्या फुलाचे तीन फोटो सोबत जोडले आहेत. पहिला समोरून काढलेला, दुसरा तोच झूम करून आणि तिसरा झाडोऱ्याचा दुरून. मी ते दोन जाणकारांना दाखवले. दोघांनीही ‘केना’ एवढेच सांगितले आणि कोणता केना हे यावरून सांगता येणार नाही, असे म्हटले. फोटो तर स्पष्ट आहेत. मग अडचण नेमकी कुठे आहे? शाळेच्या भित्तिपत्रकासाठी पूर्ण नाव हवे आहे. त्याच वाटेवरील एका पिवळ्या फुलपाखराचा फोटोही जोडला आहे.

मुक्काम_जळगाव:
ताई, पक्के नाव हवे असेल तर साध्या मोबाइलवर भागत नाही, मॅक्रो लेन्स घ्यावी लागते. शिवाय फूल तोडून पांढऱ्या कागदावर ठेवावे, म्हणजे मागचे गवत फोटोत येत नाही. मी नेहमी असेच करतो.

डोंगरवाट:
मी सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत ट्रेकचा वाटाड्या म्हणून काम करतो. आमच्या गटातील लोक असे फोटो सतत आणतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पांढऱ्या कागदाची कल्पना चांगली आहे, तोडण्याची नाही. पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो आणि तेथे फूल तोडण्यास मनाई आहे. शिवाय तोडलेले फूल खोडावर कसे लागले होते, ही ओळखीची अर्धी खूणच नाहीशी होते. कागद किंवा स्वतःचा तळहात फुलामागे धरला तरी तेच काम होते, आणि मोबाइलचा फोकस मागच्या गवतावर न जाता फुलावर टिकतो. लेन्सचे म्हणाल तर ती असल्यास उत्तमच, परंतु ताईंच्या फोटोत कमी पडली आहे ती लेन्स नव्हे, बाजू.

केन्याच्या बहुतेक जातींची फुले समोरून सारखीच दिसतात. फरक असतो तो फुलाखालच्या हिरव्या छदात, म्हणजे घडी घातलेल्या पानासारख्या ज्या पिशवीतून फूल बाहेर येते तिच्यात. नेहमीच्या केन्यात, ज्याचे शास्त्रीय नाव कॉमेलिना बेंघालेन्सिस आहे, त्या छदाच्या कडा देठाकडे एकमेकींना जुळलेल्या असतात आणि तो नरसाळ्यासारखा दिसतो. कॉमेलिना डिफ्यूजामध्ये त्या कडा थेट देठापर्यंत सुट्या असतात. दुसरी खूण पानाच्या तळाशी आहे. बेंघालेन्सिसची पाने रुंद, अंडाकृती असतात आणि पान जेथे खोडाला वेढते तेथे बहुधा तांबूस केस दिसतात. तुमच्या तिन्ही फोटोंत ना छद बाजूने दिसतो, ना पानाचा तळ. दुसरा फोटो पहिल्याचाच मोठा केलेला भाग असल्याने त्यात नवी माहिती काहीच नाही.

म्हणून मी गटाला सांगतो की, एकाच रोपाचे फोटो एका पाठोपाठ एक काढावेत आणि मध्ये दुसऱ्या कशाचाही फोटो घेऊ नये, नाहीतर घरी आल्यावर कोणते पान कोणत्या फुलाचे हेच कळत नाही. आधी संपूर्ण रोप जमिनीसह घ्यावे. मग खोडाचा वीतभर भाग असा घ्यावा की पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसेल. त्यानंतर पानाची खालची बाजू, फूल समोरून, आणि तेच फूल बाजूने व मागून. मागची बाजू हमखास राहून जाते. फळ किंवा शेंग असेल तर तिचा फोटो फुलाइतकाच मोलाचा आहे. आकार कळण्यासाठी कंपासपेटीतील लहान पट्टी शेजारी धरावी. रुपयाची नाणी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या आकारांची निघाली आहेत, त्यामुळे नाण्याचा भरवसा मी धरत नाही.

फोटो काढताना मोबाइल फुलाजवळ नेत राहावा, आणि चित्र धूसर होऊ लागले की चार बोटे मागे घेऊन तेथे थांबावे. मोठे करून पाहण्याचे काम नंतर घरी करता येते. पावसाळ्यात वारा थांबत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने देठ फुलाच्या खाली अलगद धरावा. भर उन्हात पांढऱ्या-पिवळ्या पाकळ्या पार पांढऱ्याफटक येतात. त्यावर स्वतःच्या अंगाची सावली पाडावी. केन्यासाठी मात्र सकाळीच जावे, कारण ही फुले दुपारपर्यंत मिटतात.

कीटकांच्या बाबतीत क्रम उलटा होत नाही, पण घाई वाढते. पहिला फोटो लांबूनच घेऊन ठेवावा आणि मग स्वतःची सावली अंगावर पडू न देता, खाली वाकून पुढे सरकावे. तुमचे पिवळे फुलपाखरू ग्रास यलो गटातील आहे, एवढे नक्की. कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस, बुडाजवळच्या भागात सहसा दोन खुणा असतात आणि थ्री-स्पॉट ग्रास यलोच्या तीन. तुमच्या फोटोत मागचा पंख पुढच्यावर आला असल्याने तो भागच झाकला गेला आहे. हे फुलपाखरू पंख मिटून बसते, त्यामुळे अगदी बाजूने, पंखाशी काटकोनात मोबाइल धरून तीन-चार फोटो घेतले तर एखाद्यात तो भाग उघडा सापडतो. ते कोणत्या झाडावर बसले होते, तेही टिपून घ्यावे. अळी असेल तर ती खात असलेल्या झाडाचा फोटो घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये.

कपाशीवाला_अमळनेर:
भाऊ, माझ्या कपाशीच्या पानांखाली बारीक हिरवट किडे आहेत. फोटोत नुसते ठिपके दिसतात. पानाच्या कडा पिवळ्या पडून लाल होत आहेत. कोणते औषध मारावे?

डोंगरवाट:
दादा, औषधाचे कृषी सहायकांना विचारावे, तो माझा विषय नाही. ओळखीपुरते सांगायचे तर फोटोऐवजी काही सेकंदांची चित्रफीत घ्या. पान हळूच उलटून किड्याला काडीने डिवचा. तो खेकड्यासारखा तिरका पळाला तर तुडतुडा असण्याचा संभव मोठा; जागचा फारसा हलला नाही तर मावा असू शकेल.

मुक्काम_जळगाव:
तोडण्याबद्दलचे मान्य आहे. मात्र एक अडचण येते. मी व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवतो, तेव्हा समोरचा तारीख आणि ठिकाण विचारतो. ती माहिती फोटोतच असते ना?

डोंगरवाट:
मूळ फोटोत असते, ठिकाण मात्र मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तरच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि ही माहितीही त्यातून निघून जाते; तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. दुर्मीळ वनस्पती असेल तर मात्र नेमके ठिकाण सर्वांसमोर टाकू नये, तालुक्याचे नाव पुरे.

गिरणाकाठ:
रविवारी सकाळी पुन्हा जाऊन आले. छद बाजूने घेतला आहे. त्याच्या कडा देठाकडे जुळलेल्या स्पष्ट दिसतात. मात्र पाने अरुंद आहेत आणि पानाच्या तळाशी तांबूस केस मुळीच नाहीत. मग हा बेंघालेन्सिस म्हणायचा की नाही?

डोंगरवाट:
कडा जुळलेल्या असल्यामुळे डिफ्यूजा बाद झाला. पाने पाहता बेंघालेन्सिसही वाटत नाही, पण जुळलेल्या छदाच्या आणि अरुंद पानांच्या इतरही जाती आहेत. त्यांच्यात निवड करायची तर छदाच्या आतले पिकलेले बोंड आणि त्यातील बियांचा पृष्ठभाग पाहावा लागतो. दोन-तीन आठवड्यांनी त्याच रोपावर बोंडे पिकली आणि एखादे आपोआप उकललेले दिसले, तर बियांचा पट्टीसह फोटो इथे टाका. तोपर्यंत भित्तिपत्रकावर ‘केना, कॉमेलिना प्रजाती’ असे लिहिलेले बरे.

गिरणाकाठ:
तसेच लिहिते. फुलपाखराचे मात्र राहिले; या वेळी एकही बसले नाही.