शब्दचर्चा : ‘ओपन’ परवाना मोफत, मुक्त की खुला? आणि ‘रूपांतर’ नेमके कशाचे?

भाषणार्थी : महाविद्यालयाच्या तंत्रज्ञान मंडळात मला पाच मिनिटांचे भाषण करायचे आहे. ओपन लायसन्स असलेल्या साहित्यातून स्वतःचे ऑफलाइन ग्रंथालय कसे उभारावे, हा विषय आहे. पहिले वाक्य मी असे लिहिले : ‘जालावर मोफत मिळणारी पुस्तके उतरवून घ्या, हवे तसे रूपांतर करा आणि आपले ग्रंथालय उभारा.’ मैत्रिणीने ‘मोफत’वर आक्षेप घेतला आहे. तिथे कोणता शब्द योग्य ठरेल?

ग्रंथसेवक : आक्षेप रास्त आहे. ‘मोफत’ हा शब्द किमतीविषयी बोलतो आणि परवाना परवानगीविषयी. पैसे न देता वाचता येणाऱ्या कितीतरी पानांचे सर्व हक्क राखीव असतात. उलट, विकिपीडियाचा क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे CC, या परवानामालिकेतील CC BY-SA 4.0 परवान्याखालील मजकूर कोणी श्रेय देऊन, त्याच परवान्याने, छापून विकला तरी ते नियमात बसते. ती प्रत मोफत नसेल, तरी तिचा परवाना तोच राहील. ‘मुक्त’ रूढ आहे, पण त्यातून अटीच नाहीत असा भास होतो. म्हणून अटींसह परवानगी असेल तेथे मी ‘खुला परवाना’ म्हणतो आणि हक्काची मुदत संपलेल्या साहित्याला ‘प्रताधिकारमुक्त’. या दुसऱ्या शब्दापुढे देशाचे नावही घ्यावे, कारण जुनी पुस्तके जालावर देणारे प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे संकेतस्थळ आपली पुस्तके अमेरिकेच्या कायद्यानुसार पारखते आणि दुसऱ्या देशात त्याच पुस्तकाची मुदत शिल्लक असू शकते.

प्रवासी वाचक : माझ्या मते ‘ऑफलाइन’ हा शब्दच बदलावा. एका सशुल्क अ‍ॅपमध्ये मी बरीच पुस्तके ‘ऑफलाइन’ ठेवली होती, पण वर्गणी संपल्यावर त्यांतले एकही उघडेना.

ग्रंथसेवक : तुमचा अनुभव खुल्या परवान्याचा नसला, तरी शब्दातील संदिग्धता तुम्ही अचूक दाखवली आहे. ती प्रत तुमच्या यंत्रात होती, ताब्यात नव्हती. भाषणात ‘जालाविना उघडणारी आणि आपल्या ताब्यातील फाइल’ असे दोन्ही गुण सांगावेत.

संहितापाल : माझी हरकत ‘रूपांतर’ला आहे. CC BY-ND परवान्यात कृतीत बदल करण्यास मनाई असते. त्यामुळे असे पुस्तक पीडीएफवरून ईपबमध्ये नेणेही चालणार नाही आणि श्रोत्यांना तसे बजावून सांगावे.

ग्रंथसेवक : मनाईविषयीचे तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा घोटाळा आपल्या शब्दाने केला आहे. फाइलचा प्रकार बदलणे आणि कादंबरीचे नाटक करणे या दोहोंनाही मराठीत ‘रूपांतर’ म्हणतात. परवाना मात्र त्यांत स्पष्ट भेद करतो. CC BY-ND 4.0 परवान्याचे तीनशे पानांचे पाठ्यपुस्तक घ्या. लहान पडद्यावर वाचता यावे म्हणून त्याचे ईपब केले, तर परवान्याच्या मजकुरानुसार ती नवी कृती ठरत नाही. श्रेय आणि परवान्याची नोंद कायम ठेवून हे ईपब मैत्रिणीलाही देता येते. त्यातील एका प्रकरणाचे मराठी भाषांतर केले, तर ती मात्र मूळ कृतीवरून साधलेली नवी कृती झाली. ती स्वतःच्या संग्रहात ठेवण्याची मुभा 4.0 आवृत्ती देते, इतरांना देण्याची नाही. 3.0 आवृत्तीत खाजगी भाषांतराची अशी मुभा नाही, म्हणून परवान्याचा आवृत्तिक्रमांकही लिहून ठेवावा लागतो. मी प्रत्येक पुस्तकाशेजारी अशी फाइल ठेवतो :

```
शीर्षक :
कर्ता :
मूळ पत्ता :
परवाना : CC BY-ND 4.0
उतरवल्याचा दिनांक :
बदल : PDF वरून EPUB, मजकूर तोच
```

दिनांकाला कारण आहे. लेखकाने पुढे परवाना बदलला किंवा पान काढून टाकले, तरी आधी घेतलेल्या प्रतीवरची परवानगी अटी पाळणाऱ्याकडून काढून घेता येत नाही. परंतु ती कोणत्या परवान्याखाली मिळाली होती, हे नोंदीवाचून दाखवणे अवघड जाते. पुस्तकातील एखाद्या चित्राचे हक्क वेगळ्या व्यक्तीकडे असतील, तर तेही याच नोंदीत उतरवावे.

संहितापाल : प्रकार बदलण्याविषयीची माझी समजूत चुकीची होती, हे मान्य आहे. मग फाइलसाठी ‘स्वरूपबदल’ आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘साधित कृती’ असे दोन वेगळे शब्द वापरावेत.

भाषणार्थी : वाक्य आता असे केले आहे : ‘खुल्या परवान्याची पुस्तके परवान्याच्या नोंदीसह उतरवून घ्या; स्वतःच्या सोयीसाठी त्यांचे स्वरूप बदला, पण साधित कृती इतरांना देण्यापूर्वी परवाना वाचा.’ ‘साधित कृती’ ऐकताना जड वाटते, म्हणून तिच्या जागी ‘भाषांतर किंवा फेरलेखन’ म्हणावे असा विचार आहे.

ग्रंथसेवक : भाषणात ते सहज समजेल, परंतु संक्षिप्त आवृत्ती त्यातून सुटते आणि विद्यार्थी टिपणे काढून वाटतात ती बहुधा तशाच प्रकारची असतात. याहून सोपा आणि तरीही पुरेसा व्यापक शब्द मला अद्याप सापडलेला नाही.