स्टड किती, आणि ते कुठून कुठपर्यंत?

«बीमचा गाळा ९ मीटर आणि बीममधील अंतर ३ मीटर असताना स्लॅबची परिणामकारक रुंदी किती धरावी, आणि स्लॅबला पोलादी बीमशी जोडणारे स्टड किती लागतील?»

साध्या आधारावरच्या आतील बीमसाठी दोन्ही बाजूंना गाळ्याचा आठवा भाग, पण शेजारच्या बीमपर्यंतच्या निम्म्या अंतराहून अधिक नाही, या नियमाने रुंदी २.२५ मीटर येते. आयएसएमबी ४५० (क्षेत्रफळ ९२२७ चौ. मिमी, २५० मेगापास्कल) आणि १२० मिमी जाडीचा एम२५ चा भरीव स्लॅब धरला, तर पोलादाचे बल, १.१० या सुरक्षा गुणकाने भागून, सुमारे २०९७ किलोन्यूटन आणि काँक्रीटचे, ०.३६ या गुणकाने, २४३० किलोन्यूटन होते. यांतील लहान बल स्टडना वाहून न्यायचे असल्याने येथे पोलाद निर्णायक ठरते. रुंदी पूर्ण ३ मीटर धरली असती तरी स्टडची संख्या बदलली नसती.

१९ मिमी व्यासाचा, १०० मिमी उंचीचा स्टड या काँक्रीटमध्ये युरोकोड ४ नुसार सुमारे ६५ किलोन्यूटन घेतो, कारण स्टड तुटण्याआधी काँक्रीट चिरडते. म्हणून ३३ स्टड लागतात, परंतु ते आधारापासून मध्यापर्यंतच्या ४.५ मीटरसाठी आहेत. हेच ३३ संपूर्ण बीमवर पसरवलेले आराखडे मी पाहिले आहेत, आणि त्यात जोड निम्माच उरतो. जोडीने लावल्यास प्रत्येक अर्ध्यात १७ जोड्या, साधारण २६० मिमीवर, बसतात. बीमला आडवी पन्हळी डेकशीट असेल तर स्टड फक्त खाचांतच बसतात आणि त्यांची क्षमताही घटते. तेव्हा अंशतः जोड धरून बीमची नमनक्षमता पुन्हा तपासावी.