अनुभव धागा: आद्याक्षरांची वाक्यं रचताना अक्षरं एकमेकांवर आपटली तर काय करता?

धागाकर्ती: नुसती नावं पाठ करून भागत नाही, क्रमही लागतो, अशा याद्यांसाठी तुम्ही वाक्यं कशी बांधता? सोयीसाठी रेझिस्टरच्या पट्ट्यांचे रंग घेऊ: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. यात क दोनदा येतो, न सुद्धा दोनदा आणि प सुद्धा. वाक्य तोंडपाठ असूनही कोणता क हे कळत नाही, तिथे काय करायचं?

सरळमार्गी: एवढा खटाटोप कशाला? तानापिहिनिपाजा सगळ्यांना येतंच. आधी काळा-तपकिरी लावा, शेवटी करडा-पांढरा. झालं काम.

जुना_सोल्डर: बरंचसं बरोबर, पण मोजून बघा. दोन, सात आणि दोन मिळून अकरा होतात, जागा दहाच आहेत. पट्ट्यांत पारवा नाही. तो गाळला नाही तर जांभळा ८ वर सरकतो. मग पिवळा-जांभळा-लाल-सोनेरी रेझिस्टर ४७०० ओहमऐवजी ४८०० वाचला जातो. इथे चूक निदान पकडता येते, कारण सोनेरी म्हणजे ५ टक्केवाल्यांच्या नेहमीच्या मालिकेत ४७ नंतर थेट ५१ येतो, ४८ नसतोच.

खरा धोका तांबड्यात आहे. तपकिरीचा त आणि तांबड्याचा तां शेजारीशेजारी येतात आणि घाईत उलटतात. मग तपकिरी-काळा-लाल हा १००० ओहमचा रेझिस्टर २०० चा वाटतो. १० आणि २० दोन्ही मालिकेत असल्यामुळे शंकासुद्धा येत नाही. म्हणून तांबडा म्हणायचंच नाही, लाल म्हणायचं. वाक्य रचण्याआधी प्रत्येक वस्तूचं एकच नाव कायम करा. आज नारिंगी, उद्या केशरी असं केलं की वाक्य मोडलंच.

राहिला धागाकर्तीचा प्रश्न. नुसतं व्यंजन घेऊ नका, काना-वेलांटीसकट पहिलं अक्षर घ्या. मग ना आणि नि वेगळे होतात, पि आणि पांसुद्धा. माझं वाक्य:

काल तळ्यात लाकडी नावेतून पिल्लू हिंडलं, निजलं जांभळाखाली, कसलं पांघरूण!

मोजणी शून्यापासून. भरतीचे शब्द एकही नाहीत, म्हणजे सहावा शब्द हाच ५.

अक्षरओळख: वाक्य झकास आहे, पण ‘काल’ आणि ‘कसलं’ यांत फक्त कान्याचा फरक उरतो. काही दिवसांनी कोणी ‘कसलं’चं ‘कायचं’ केलं तर ८ च्या जागी काळा येऊन बसेल. करड्याला राखाडी म्हणा: ‘निजलं जांभळाखाली, राहिलं पांघरूण.’ र दुसरीकडे कुठेच नाही.

जुना_सोल्डर: मान्य. हेच ठेवा.

नेटवर्कवाली: मला ओएसआयच्या सात थरांचं तयार वाक्य हवं होतं, कोणी देईल का? इंग्रजीत पी दोनदा येतो, फिजिकल आणि प्रेझेंटेशन.

अक्षरओळख: तयार वाक्यांचा हा धागा नाही, पण तुमची अडचण इथलीच आहे. देवनागरीत फि आणि प्रे आपोआप वेगळे पडतात: फि, डे, ने, ट्रा, से, प्रे, ॲ. तिथे गोंधळ दिशेचा होतो. फिजिकल हा पहिला थर, पण आकृतीत तो सगळ्यात खाली असतो. वाक्य खालून वर वाचायचं की वरून खाली, हे वाक्यातूनच कळायला हवं. क्रिया चढण्याची ठेवा, उतरण्याची नको.

पेपर_इंग्रजीत: रंगांचं सगळं ठीक, पण पेपरात ब्लॅक, ब्राउन असं लिहायचं असेल तर मराठी वाक्याचा काय उपयोग? त्यापेक्षा ‘बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ’ बरं.

जुना_सोल्डर: त्यात बी तीन आणि जी दोन. शिवाय ‘ऑफ’ हा भरतीचा शब्द, पण ऑरेंजच्याच अक्षराने सुरू होतो. नवखा माणूस तोही मोजतो. इंग्रजी नावांची देवनागरी अक्षरं घेतली तर ब्लॅ, ब्रा, ब्लू सुटे होतात, ग्री आणि ग्रेसुद्धा. मात्र व्हायोलेट आणि व्हाइट दोन्ही व्हा होतात, जे इंग्रजीत आपटत नव्हते.

पेपर_इंग्रजीत: म्हणजे एक खड्डा बुजवून दुसरा खणला! शिवाय निळा आठवून मग ब्लू लिहायचं, त्यात वेळ जातोच.

अक्षरओळख: जातो, पण चुकीचा रंग लिहिण्यापेक्षा परवडतो, असं मला वाटतं.

धागाकर्ती: वाक्य पक्कं झालं हे ठरवायचं कसं?

जुना_सोल्डर: ज्याने वाक्य ऐकलेलं नाही त्याला नुसती अक्षरं ओळीत द्या आणि नावं पत्त्यांसारखी पिसून द्या. एका अक्षरापुढे त्याला दोन नावं धरावीशी वाटली, की ती जागा बदला. मग मधूनच विचारा, ‘६ कोणता?’ सुरुवातीपासून म्हणत यावं लागलं, तर क्रम आलाय, आकडा आलेला नाही.

सरळमार्गी: पारवा गाळून तानापिहिनिजा केलं तर चालेल ना?

अक्षरओळख: चालेल, पण ता तिथेच आहे.