शब्दचर्चा : ‘प्रमाण’ की ‘दर’? आणि ‘14 टक्क्यांनी कमी’ म्हणजे नक्की किती?

वहीतलं_पान
नमस्कार मंडळी. मी सर्जरीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, 30 खाटांचा वॉर्ड. आमच्याकडे सलाईनची सुई लावलेल्या जागी शीर सुजायचं फार व्हायचं, त्यावर आम्ही तीन महिने काम केलं. ड्रेसिंगवर तारीख-वेळ लिहायची, प्रत्येक ड्युटीला जागा बघायची, आणि सलाईन बंद झालं की सुई उगाच ठेवायची नाही. एवढंच केलं पण फरक पडला. आता एका परिषदेला त्याचा सारांश मराठीत पाठवायचाय, मर्यादा 250 शब्द, शीर्षक धरून. माझे 283 झालेत आणि त्यात पाहणाऱ्यांचा शेरा आलाय की ‘प्रमाण’ शब्द चुकीचा, ‘दर’ लिहा, आणि 14 टक्क्यांनी म्हणजे काय ते स्पष्ट करा. स्पष्ट करायचं तर शब्द वाढणार. निष्कर्षाचं वाक्य असं आहे :

“प्रकल्प राबविल्या नंतर आमच्या वॉर्ड मध्ये सलाईनच्या सुई मुळे शिरेला सूज येण्याचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले व ही अत्यंत समाधानकारक बाब आहे.”

प्रमाण की दर, तेवढं सांगा.

कानामात्रा
ताई, दर-प्रमाण नंतर बघू. ‘राबविल्या नंतर’, ‘वॉर्ड मध्ये’, ‘सुई मुळे’ हे तोडून का लिहिलंय? नंतर, मध्ये, मुळे ही शब्दयोगी अव्ययं, ती शब्दाला जोडूनच लिहायची. राबविल्यानंतर, वॉर्डमध्ये, सुईमुळे. हल्ली मोबाईलवर सगळेच तोडून टाइप करतात आणि मग म्हणतात मराठीत शब्द फार होतात! या एका वाक्यात तीन शब्द वाचले. पूर्ण सारांशात असं किती ठिकाणी असेल ते बघा, माझा अंदाज निम्मी अडचण तिथेच सुटेल. आणि ‘वॉर्ड’ कशाला, ‘कक्ष’ म्हणा.

पारावरचा_पिंपळ
वॉर्डला सरकारी शब्द ‘प्रभाग’ आहे ना. प्रभाग समिती, प्रभाग रचना वगैरे. आमच्या प्रभागात गटाराच्या कामाच्या दर्जाबद्दल असाच अहवाल द्यायचा होता तेव्हा आम्ही ‘गुणवत्ता सुधार’ असंच लिहिलं होतं, कुणी हरकत घेतली नाही.

वहीतलं_पान
काका, हॉस्पिटलचा वॉर्ड हो. कक्ष म्हटलं की आमच्याकडे तपासणी कक्ष, प्रतीक्षा कक्ष असं डोळ्यासमोर येतं. वॉर्डच ठेवते. कानामात्रा, जोडून बघितलं, 283 चे 264 झाले! म्हणजे अजून 14 काढायचेत.

उसाचा_पट्टा
टक्क्यांचं मी सांगतो. साखर कारखान्यात आयुष्य गेलं. उतारा 10.5 वरून 11 वर गेला की आम्ही म्हणतो उतारा अर्ध्या टक्क्यानं वाढला. कुणीही त्याचा दुसरा अर्थ काढत नाही, शेतकरी नाही, चेअरमन नाही. दहावीचा निकाल 2 टक्क्यांनी घटला, मतदान 5 टक्क्यांनी वाढलं, रिझर्व्ह बँकेनं रेपो दर पाव टक्क्यानं कमी केला, सगळीकडे सरळ वजाबाकी. तेव्हा सिस्टर, तुमचं 14 टक्क्यांनी बरोबरच आहे, शेरा मारणाऱ्याला व्यवहारातली मराठी माहीत नाही. मराठीत ‘टक्क्यांनी’ म्हणजे वजाबाकीच.

बेरीज_वजाबाकी
पट्टेसाहेब, अर्धंच बरोबर आहे. मूळ आकडाच टक्क्यांत असेल तिथे वजाबाकी, हे पटलं. पण ‘डाळींचे भाव 10 टक्क्यांनी वाढले’ म्हणताना आपण 100 चे 110 असंच समजतो ना? तिथे मूळ आकडा रुपयांत आहे म्हणून गोंधळ नाही. सिस्टरच्या बाबतीत मूळ आकडा काय होता हेच वाक्यात नाही, म्हणून वाचणारा अडतो. आधी किती होतं, ताई?

वहीतलं_पान
आधी 24 टक्के, नंतर 10 टक्के. 150 सुयांपैकी 36 आणि नंतर 160 पैकी 16.

बेरीज_वजाबाकी
मग बघा, 24 तून 10 गेले 14 उरले हे एक. आणि 24 मधले 14 गेले म्हणजे जवळजवळ 58 टक्क्यांनी घट हे दुसरं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींना ‘टक्क्यांनी कमी’च म्हणतात. त्यातही कुणी 58 लिहून प्रकल्प मोठा दाखवतं.

कानामात्रा
त्यासाठी ‘टक्केबिंदू’ असा शब्द काही लोक वापरतात. 14 टक्केबिंदूंनी घट. नेमका आहे.

उसाचा_पट्टा
टक्केबिंदू! गळीत हंगामात कुणाला म्हणून बघा, तोंडाकडे बघत राहील. जो शब्द कानावर पडलेला नाही तो नेमका कसा?

कानामात्रा
उतारा हा शब्द तरी बाहेरच्याला कुठे कळतो? मला लहानपणी उतारा म्हणजे सात-बाराचाच माहीत होता. वापरला की रुळतो.

नळी_नव्हे_सुई
मी संसर्ग नियंत्रणाचं काम बघते, अशा सारांशांची छाननीही केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टक्केबिंदूची गरजच नाही. मराठीत ‘वरून’ आणि ‘वर’ असताना दुसरं काय हवं? ‘24%वरून 10%वर आले’. वाचणाऱ्याला दोन्ही आकडे दिसतात, वजाबाकी करायची की भागाकार ते तो ठरवेल. आणि कंसात 150पैकी 36, 160पैकी 16 द्याच. नुसते टक्के दिले की 25 सुयांवर काढलेत की अडीचशेवर, कळत नाही, आणि छाननी करणारा पहिला तिथेच थांबतो.

आता माझा खरा आक्षेप ‘सूज’ या शब्दाला आहे. वॉर्डात आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘हात सुजला’ म्हणतो. एकात सलाईन शिरेच्या बाहेर मांसात उतरतं, ती जागा फुगते, हाताला गार लागते, पांढुरकी दिसते. दुसऱ्यात शीरच चिडते, जागा लाल आणि गरम होते, शिरेच्या रेषेत दुखतं, कधी कधी दोरीसारखी हाताला लागते. तुमचे उपाय मुख्यतः दुसऱ्यासाठी आहेत. 36 मध्ये पहिल्या प्रकारचे किती मिसळलेत? ते मिसळले असतील तर प्रमाण म्हणा नाहीतर दर म्हणा, आकडाच कच्चा. मोजताना व्हीआयपी स्कोअर लावला होता का?

वहीतलं_पान
हो मॅडम, 2 किंवा जास्त आला तरच धरलं. म्हणजे दुखणं, लाली, सूज यातलं किमान दोन हवं. नुसती फुगलेली गार जागा आम्ही वेगळ्या रकान्यात लिहिली, ती यात नाही.

नळी_नव्हे_सुई
मग उत्तम काम केलंय आणि तेच सारांशात नाही! ‘शिरादाह (व्हीआयपी स्कोअर 2 वा अधिक)’ एवढं पद्धतीत एकदा लिहा. दाह या शब्दात लाली, आग, दुखणं सगळं येतं, सूज म्हटलं की नुसतं फुगणं. आणि सुई आत राहत नाही, सुई काढून घेतो, आत राहते ती प्लॅस्टिकची नळी. वॉर्डात कुणी इंट्राकॅथ म्हणतं कुणी वेनफ्लॉन, पण लिहिताना कॅन्युला.

चहाची_टपरी
शिरादाह कुणाला कळणार पण? माझ्या आईला मागच्या वर्षी ॲडमिट केलं होतं, हात टम्म सुजला, सिस्टर म्हणाल्या ‘लाईन गेली’, आम्ही घाबरलो की काय गेलं. रुग्णांना कळेल असं लिहा की, ‘सलाईनचा हात सुजणे’ किती सोपं आहे.

नळी_नव्हे_सुई
आईला सांगताना मीही तसंच सांगेन. इथे वाचणाऱ्या सगळ्या नर्सेस आणि डॉक्टर आहेत आणि ‘सलाईनचा हात सुजणे’ला तीन शब्द लागतात, शिवाय वर सांगितला तो गोंधळ आहेच.

वहीतलं_पान
आणि प्रमाण की दर?

नळी_नव्हे_सुई
छेदात काय आहे त्यावर. 150 कॅन्युलांपैकी 36 म्हणजे अंश छेदाचाच भाग आहे, म्हणून ते प्रमाण. दर म्हणायला छेदात काळ यायला हवा, 1000 कॅन्युला-दिवसांमागे इतके, असं. तुम्ही दिवस मोजले नाहीत ना? मग ‘प्रमाण’ ठेवा. शेऱ्यावर तसं कळवा. एक मात्र खरं, तुम्ही नको असलेल्या कॅन्युला लवकर काढायला लागलात म्हणजे प्रत्येक कॅन्युला आत राहण्याचे दिवस कमी झाले, त्यामुळेच काही घट आली असणार. दिवस मोजले असते तर तेही दिसलं असतं. पुढच्या वेळी रकाना वाढवा.

बेरीज_वजाबाकी
पण मॅडम, ‘साक्षरता दर’ म्हणतात, त्यात कुठे काळ आहे? 100 पैकी इतके साक्षर, म्हणजे तुमच्या व्याख्येनं प्रमाण. बालमृत्यू दरसुद्धा 1000 जिवंत जन्मांमागे. मग ज्यानं शेरा मारला तो अगदीच चुकीचा कसा?

नळी_नव्हे_सुई
रुळलेले शब्द आहेत ते, मीही वापरते. पण नवीन लिहिताना फरक पाळावा असं माझं मत आहे.

कानामात्रा
शाळेतलं ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ आठवा. तिथे दोन गुणोत्तरं समान असली की प्रमाण. मॅडमचा अर्थ तिसराच. शिवाय प्रमाण म्हणजे पुरावा, प्रमाणभाषा म्हणजे मानलेली भाषा. एका शब्दावर किती ओझं टाकायचं? आणि दर तर मुळात फारसी.

उसाचा_पट्टा
फारसी म्हणून काय, दरसाल दरशेकडा सगळ्या महाराष्ट्रानं पाठ केलंय. द.सा.द.शे. म्हटल्याशिवाय व्याजाचं गणित सुटत नव्हतं. टक्का तरी कुठला, टंक म्हणजे नाणं त्यातून टका, टक्का.

कानामात्रा
मग ‘टक्केटोणपे’ कुठून आला सांगा, तिथे नाणं कुठे?

नळी_नव्हे_सुई
या वादात सिस्टरचं वाक्य राहील. तीन महिने काम केलंत तर दर आठवड्याचा आकडा असेलच ना? आधी-नंतर असे दोनच आकडे दिले की योगायोगाची शंका राहते, त्या आठवड्यात गंभीर रुग्णच कमी होते म्हणतील. आठवडे ओळीनं मांडा, सुरुवातीच्या आठवड्यांचा मध्यक काढा आणि नंतरचे सलग किती बिंदू त्याखाली आहेत बघा. सहा किंवा जास्त असले तर खरा बदल मानतात.

वहीतलं_पान
तक्ता आहे मॅडम. शेवटचे सलग 7 खाली आहेत.

नळी_नव्हे_सुई
मग हे घ्या :

“कॅन्युलाजन्य शिरादाहाचे प्रमाण 24%वरून (150पैकी 36) 10%वर (160पैकी 16) आले, शेवटचे सलग 7 आठवडे आधीच्या मध्यकाखाली.”

16 शब्द. तुमचं 25 चं होतं आणि त्यात यापेक्षा कमी माहिती होती. ‘अत्यंत समाधानकारक बाब’ काढलंय, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. उरलेलं प्रस्तावनेतून कापा. सुरक्षित रुग्णसेवा ही काळाची गरज वगैरे असेल तर आधी ते. काय बदल केला ते वाक्य मात्र कापू नका, लोक घाईत नेमकं तेच उडवतात आणि मग दुसऱ्या वॉर्डाला काय करायचं ते कळत नाही.

चहाची_टपरी
हायफनने जोडले तर? तारीख-वेळ-सही-तपासणी एकच शब्द होईल.

बेरीज_वजाबाकी
मोजणारा फॉर्म मोकळ्या जागा मोजत असेल तर होईल, पण वाचणाऱ्याला ती लबाडी लगेच दिसते.

कानामात्रा
‘कॅन्युलाजन्य’ला माझा विरोध नोंदवा. इंग्रजी शब्दाला ‘जन्य’ लावणं म्हणजे कुठलाच धड समास नाही. ‘कॅन्युलामुळे होणाऱ्या’ लिहा.

वहीतलं_पान
एक शब्द वाढेल काका. प्रस्तावना कापून 246 वर आलेय, तेवढा परवडेल. ‘प्रमाण’ ठेवून छेदाचं कारण कळवलं होतं, संयोजकांचं उत्तर आलंय की बाकी सगळ्या सारांशांत ‘दर’ आहे, एकसारखं दिसावं म्हणून तुमच्यातही ‘दर’च छापू.

नळी_नव्हे_सुई
मग निदान कंसातले आकडे काढू देऊ नका. ते असले की छेद काय होता ते वाचणाऱ्याला दिसतं, वर शब्द कुठलाही असो.

उसाचा_पट्टा
दर म्हणा! मी पहिल्यापासून म्हणतोय. बरं, टक्केटोणप्यांचं कुणी बघितलं का? आमच्याकडे ‘टक्कल’शीही जोडतात ते, मला पटत नाही.