मामाने नुसता फॉरवर्ड पाठवलाय, उत्तर कसं लिहू?

पर्वतीकर
आजोबांचा कसबा पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला जातोय. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. प्रॉपर्टी कार्डवर आई, मावशी आणि मामा अशी तिघांची नावं आहेत. काल रात्री मामाने मला एक फॉरवर्ड पाठवला. एका बहिणीने राखीपौर्णिमेला भावाला हक्कसोडपत्र करून दिलं आणि माहेर जपलं, अशी गोष्ट. स्वतःचा एक शब्दही नाही. मामा मनाने फार चांगला आहे, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रात्री तोच थांबला होता. त्यामुळे हे सुचवणं आहे की सहज पाठवलंय, ते कळत नाही. किती गोड, किती लांब आणि किती ठाम लिहू?

मीनल_कोथरूड
आमच्या जाऊबाई रोज सकाळी हळदीच्या पाण्याचे फायदे पाठवतात. मी हात जोडलेली इमोजी टाकते आणि विसरते. तुम्हीही तेच करा, नाती टिकतात.

दस्तलेखक_पुत्र
आईचं लग्न 1994 च्या आधीचं आहे का? महाराष्ट्राच्या कायद्यात त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क नव्हता. तसं असेल तर ठाम लिहायला आधारच नाही, गोडच लिहा.

सुनंदाताई
1994 च्या कायद्यात ती अट होती हे खरं, पण 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती उरली नाही. आणि वाडा आजोबांनी स्वतः घेतलेला असेल, तर मृत्युपत्र नसताना मुलगा-मुलगी सारखेच वारस, लग्न कधीही झालेलं असो. आईचा हिस्सा आहे असं धरूनच लिहा.

मीनल, हळदीच्या पाण्याला इमोजी चालते, इथे नाही. हात जोडले किंवा अंगठा दाखवला की उद्या मामा सगळ्यांना सांगेल, "भाच्याला तर पटलं होतं." तेवढ्याने कायद्याने हिस्सा जात नाही, हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. पण घरात तो शब्द फिरत राहतो.

पर्वतीकर, दोन गोष्टी बघून सांगा. मेसेजवर एक बाण आहे की दोन? आणि घरच्या ग्रुपवरही आलाय का?

पर्वतीकर
एकच बाण. ग्रुपवर नाही, मावशीलाही नाही. फक्त मला.

सुनंदाताई
दोन बाण असते तर गावभर फिरून आलेला म्हणून सोडून देता आला असता. एक बाण आणि तुम्हाला एकट्याला, म्हणजे बहुतेक तुमच्यासाठी निवडलाय. पण हा अंदाजच. म्हणून पहिल्याच उत्तरात ठाम होऊ नका. त्याने अजून काही मागितलेलं नाही, आणि न मागितलेल्याला नकार दिला की सहज पाठवलेलं असेल तरी तो दुखावेल. आधी एवढंच:

"मामा, गोष्ट वाचली. आपल्या वाड्यावरून आठवली का रे तुला? तसं असेल तर मोकळेपणाने सांग."

मामाला रोज 'तू' म्हणता ना? मग तूच ठेवा, अचानक 'तुम्ही' आलं की त्याला परकेपणा वाटेल. गोष्ट छान आहे असं लिहू नका आणि चुकीची आहे असंही नको. तो "हो" म्हणाला की मग दुसरं:

"बरं झालं बोललास. पण आईच्या हिश्श्याचं आईच ठरवेल, तिच्या वतीने मी हो-नाही काहीच म्हणणार नाही. रविवारी जेवायला ये, मावशीलाही बोलावतो, समोरासमोर बोलू."

ठाम वाक्य एकच, तेही मध्ये. कारणं देऊ नका, कलमं तर नकोतच. प्रत्येक कारणावर उलट फॉरवर्ड येतो. ऑपरेशनच्या वेळचे उपकारही काढू नका, त्याची किंमत केल्यासारखं होतं. आणि पाठवण्याआधी आईला दाखवा.

नारायणपेठी
ताई, पहिल्या मेसेजशी मी सहमत नाही. असं सरळ विचारलं की आमच्या पिढीचा माणूस "नाही रे, सहज पाठवलं" म्हणणार आणि मनात ठेवणार. मग ते दुसरं उत्तर कधी पाठवणार? मी फोन केला असता. आवाजावरून कळतं.

सुनंदाताई
"सहज" म्हणाला तर "बरं" म्हणून सोडून द्यायचं. करारावर सह्या व्हायच्या आधी विषय पुन्हा निघेलच. फोनवर एकट्या भाच्याकडून नकळत "बघू ना मामा" निघून जातं, म्हणून मी लेखी म्हणते. पण माणूस तुमच्या ओळखीचा आहे, पर्वतीकर.

पर्वतीकर
आईला दाखवलं. ती म्हणते, "त्याने मला का नाही पाठवलं?" आणि उत्तर तिच्याच फोनवरून जावं असा तिचा हट्ट आहे. मग मामाला वाटेल मी लगेच जाऊन सांगितलं. तिच्याकडून गेलं तर पहिला मेसेज कसा बदलावा?

मीनल_कोथरूड
आधी तुम्ही लिहा की आईला दाखवलंय. नंतर कळलं तर जास्त लागेल. आईने काय लिहावं ते ताईच सांगतील.