अनुभव धागा : गड्ड्याच्या अक्षता एका क्षणी कशा पडतात?

धागाकर्ती : सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, संमती कट्ट्याजवळ सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात, तेव्हा पुढच्या काही रांगा सोडल्या तर विधी कुणालाच दिसत नाही. तरी हात एकदम वर जातात, आणि शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस आपला वाटायला लागतो. हे कशामुळे होतं? नंदीध्वज पेलणारे, साऊंडवाले, लेझीमवाले, सगळ्यांनी नेमकं लिहा.

कसब्यातला : ताई, याची तयारी आदल्या दिवशीच होते. त्या दिवशी नंदीध्वजाच्या सातही काठ्या अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला शहरभर फिरतात. ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ दिवसभर कानावर पडतं, त्यामुळे आवाज कुठे उचलायचा आणि कुठे थांबायचा हे गावाला पाठ होऊन जातं. अक्षतेच्या दिवशी लग्नाची संमती वाचताना ‘सत्यम्, नित्यम्, दिड्डम्’ ऐकू आलं की हात वर जातो, डोळ्यांनी बघावं लागत नाही.
काठी पेलणाऱ्याचंही तसंच आहे. भार कमरेवर आणि नजर शेंड्यावर. शेंडा ज्या बाजूला कलेल त्या बाजूला पाय न्यायचा. हातांनी ओढून काठी सरळ होत नाही. उंच काठी सुरुवातीला हळू कलते, म्हणून सावरायला वेळ मिळतो. पण एकदा जास्त कलली की एकट्याचं बळ पुरत नाही, भोवतीच्यांनी हात द्यावा लागतो. म्हणून भोवतीचे पाहत बसत नाहीत, त्याच्याच चालीने पावलं टाकतात. यात्रेआधीच्या सरावात हे सगळं अंगात मुरवलं जातं.

बाळीवेसकर : सोपं आहे की ओ. आवाज मोठा ठेवला की सगळे एक होतात. मागे पण भोंगे वाढवा, काम झालं.

साऊंडवाला : दादा, अर्धं बरोबर आहे. मागे भोंगे लागतातच, पण नुसते वाढवले तर बिघडतं. तारेतून आवाज लगेच पोचतो, हवेतून मात्र मीटरला साधारण ३ मिलीसेकंद लागतात. समजा मागचा भोंगा पुढच्यापासून ६० मीटरवर आहे. त्याच्याजवळच्या माणसाला आधी जवळचा आवाज येतो आणि १७५ मिलीसेकंदांनी पुढचा. ‘सत्यम्’ दोनदा ऐकू येतं, शब्द चिखलासारखा होतो, आणि कुणी पहिल्यावर अक्षता टाकतं, कुणी दुसऱ्यावर. मिक्सरवर मागच्या भोंग्याला १७५ ते १९० मिलीसेकंद उशीर द्यायचा. मागच्या भोंग्याजवळ उभं राहून माईकवरची टाळी ऐकायची. दोन ऐकू आल्या तर अजून जुळलेलं नाही. मैदान भरल्यावर भोंगा हलवला तर हिशोब पुन्हा करायचा.

लेझीम_पूर्व भाग : आमचं गणपतीचं आहे, चालेल ना? मिरवणुकीत मागच्या रांगा नेहमी मागे पडतात. पोरांना कितीही ओरडलं तरी फरक नाही.

साऊंडवाला : हलगी पुढे ठेवता ना? शेवटची रांग २० मीटरवर असली तर ठोका ६० मिलीसेकंद उशिरा पोचतो, आणि ती पुढच्याचे हात बघून हलली तर अजून उशीर. हलगी मधोमध आणा, अंतर अर्धं होईल. चाल एकदम वाढवू नका, आधी चार ठोके मोजून इशारा द्या.

मानसशास्त्र शिकवते : या एकरूपतेला एमिल दुर्खेम यांनी १९१२ मध्ये सामूहिक उत्कटता म्हटलं. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांचे आणि बघ्यांचे हृदयाचे ठोके मोजले. चालणाऱ्यांशी नातं किंवा मैत्री असलेल्या बघ्यांचे ठोके त्यांच्याशी जुळले, परक्या बघ्यांचे नाही. तिथे बघे एका जागी होते, एका चालीने हलत नव्हते. म्हणजे एकत्र हालचाल नसतानाही ठोके जुळू शकतात, आधीची ओळखही काम करते.

बाळीवेसकर : म्हणजे बाहेरून आलेल्याला काहीच वाटत नाही म्हणता?

मानसशास्त्र शिकवते : तसं नाही, काका. तो अभ्यास नुसत्या बघ्यांचा होता. इथे बाहेरचाही हर्र म्हणतो, अक्षता टाकतो. एका तालात हलल्यावर अनोळखी माणसांतही जवळीक वाढते, असं इतर प्रयोगांत दिसलंय. पण ती किती दिवस टिकते हा वेगळा प्रश्न.

जुळे सोलापूर : अक्षतांबद्दल एक. घरी रंगवल्या असतील तर पूर्ण वाळवा. ओलसर असल्या की तळहाताला चिकटतात, मूठ उघडेपर्यंत क्षण जातो. सगळ्या एकदम टाकू नका, चिमूट चिमूट टाका, शेवटपर्यंत पुरतात. आणि वर टाका. समोर फेकल्या तर पुढच्याच्या मानेवर बसतात.

पुण्याहून : आम्ही मोबाईलवर थेट प्रक्षेपण बघतो आणि घरच्या घरी अक्षता टाकतो. तेही एकत्रच झालं ना?

साऊंडवाला : थेट म्हटलं तरी चित्र काही सेकंद मागे असतं, आणि प्रत्येक फोनवर वेगळं. घरातल्यांनी एकाच पडद्यावर बघा, निदान घर तरी जुळेल.

कसब्यातला : मला नाही पटत. खांद्याला खांदा नाही, तिथे काय जुळणार?

पुण्याहून : आजी मात्र पडद्यासमोर उभी राहून हर्र म्हणते, आणि तिच्यासोबत सगळेच म्हणतात.